गरोदरपणातील टीएसएचची पातळी

गरोदरपणातील टीएसएचची पातळी म्हणजे गर्भवतीच्या रक्तातील अवटू-उद्दीपक संप्रेरकाचे प्रमाण. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे हे संप्रेरक गळ्यातील अवटू ग्रंथीला, म्हणजेच थायरॉईडला, काम करण्याचा आदेश देते. थायरॉईडचे स्वतःचे संप्रेरक (टी-४) रक्तात कमी पडू लागले की हा आदेश वाढतो आणि पुरेसे झाले की कमी होतो. टी-४मध्ये थोडी घट झाली तरी टीएसएच पुष्कळ वाढते. त्यामुळे टीएसएच किंचित वाढलेले आणि टी-४ मात्र ठीक, ही अवस्था वारंवार आढळते. तिला सुप्त अवटू-न्यूनता म्हणतात. गरोदरपणात या अवस्थेचा अर्थ लावणे अवघड जाते, कारण ज्या मर्यादेशी आकडा ताडून पाहायचा ती मर्यादाच महिन्यागणिक बदलत असते.

मर्यादा का बदलतात

गर्भ रुजल्यावर वारेतून एचसीजी नावाचे संप्रेरक स्रवू लागते. गरोदरपणाची घरगुती चाचणी मूत्रात याचाच शोध घेते. एचसीजीची घडण टीएसएचशी बरीच मिळतीजुळती आहे. दोघांचा एक घटक तर अगदी सारखा असतो. त्यामुळे एचसीजीदेखील थायरॉईडला थोडेसे उद्दीपित करते. आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास एचसीजी सर्वाधिक असते. या काळात थायरॉईडला दुसरीकडूनच चालना मिळत असल्याने पीयूषिका आपला आदेश आवरता घेते आणि टीएसएच उतरते. पहिल्या तिमाहीची मर्यादा खाली असण्याचे हेच कारण. पुढे एचसीजी ओसरते, तसे टीएसएच हळूहळू नेहमीच्या पातळीकडे परतते.

याच काळात मागणीही वाढलेली असते. इस्ट्रोजेनमुळे रक्तातील टी-४ वाहून नेणारे प्रथिन वाढते आणि बराचसा टी-४ त्यालाच बांधला जातो. वार काही टी-४ निष्क्रिय करते. मूत्रावाटे आयोडीनही अधिक जाते. परिणामी निरोगी थायरॉईडला सुमारे दीडपट उत्पादन करावे लागते. गर्भाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यानंतर काम करू लागते आणि अठराव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत पुरती सक्षम नसते. तोवर त्याच्या मेंदूला लागणारा टी-४ मातेकडूनच येतो. खरी धास्ती या आठवड्यांची आहे. मातेच्या ग्रंथीत ही जादा मागणी भागवण्याची ताकद नसेल, तर एरवी लपून राहिलेली उणीव आताच उघडी पडते.

२.५चा आकडा आणि त्याचे पुढे काय झाले

अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०११ साली पहिल्या तिमाहीसाठी २.५ आणि पुढील दोन तिमाहींसाठी ३.० ही वरची मर्यादा सुचवली. (एकक : मिलि-एकक प्रति लिटर. अहवालावर मायक्रो-एकक प्रति मिलिलिटर असे छापलेले असले तरी आकडा तोच राहतो.) भारत सरकारच्या आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनी याच मर्यादा स्वीकारल्या. त्यांत सरसकट सर्वांची नव्हे, तर जोखीम असलेल्या गर्भवतींची तपासणी सांगितली आहे. पूर्वीचा थायरॉईडविकार, गलगंड, घरातील कोणाला हा आजार, वंध्यत्व, पूर्वीचा गर्भपात किंवा अकाली प्रसूती, स्थूलता ही त्यांपैकी काही कारणे.

मात्र निरनिराळ्या देशांतील निरोगी गर्भवतींचे आकडे जमू लागले, तेव्हा २.५ ही रेषा फार खाली ओढली गेल्याचे दिसले. दिल्लीतील मारवाहा व सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी भारतीय गर्भवतींची वरची मर्यादा पहिल्या तिमाहीत ५.० आणि दुसऱ्या तिमाहीत ५.७८ आली होती. २.५चा निकष लावला तर यांतल्या अनेकजणी विनाकारण रुग्ण ठरतात. अमेरिकन संस्थेनेही २०१७ साली भूमिका बदलली. आधी स्थानिक लोकसंख्येची मर्यादा वापरावी. ती नसेल, तर पहिल्या तिमाहीत सुमारे ४.० धरावी आणि पुढे ती हळूहळू गरोदर नसलेल्या स्त्रीच्या मर्यादेकडे सरकू द्यावी. तरीही अनेकांच्या बोलण्यात २.५ अजून टिकून आहे, आणि एकाच अहवालावर दोन डॉक्टरांची दोन मते पडण्याचे ते एक कारण आहे.

किंचित वाढलेला आकडा कसा जोखतात

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत तालुक्यातली एक स्त्री नवव्या आठवड्यात तपासणीला येते. तिचे टीएसएच ४.६ आहे. २०१४च्या राष्ट्रीय सूचनेनुसार हा आकडा २.५ ते १०च्या दरम्यान असल्याने तिला रोज २५ मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन द्यावे लागेल. २०१७च्या निकषाने आकडा मर्यादेच्या थोडा वर आहे, म्हणून आधी आणखी तपासणी करावी. दिल्लीच्या मर्यादेनुसार तो निरोगी कक्षेतच बसतो. रक्त एकच आणि उत्तरे तीन. म्हणून केवळ आकड्यावर निर्णय सोडत नाहीत.

पुढची पायरी म्हणजे टी-४ आणि टीपीओ प्रतिपिंडांची तपासणी. हे प्रतिपिंड म्हणजे शरीराने स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध तयार केलेली प्रथिने. ती आढळली तर ग्रंथीची राखीव ताकद कमी असण्याचा आणि गर्भपाताचा धोका तुलनेने अधिक समजतात. अशा स्त्रीचे टीएसएच मर्यादेच्या वर असेल तर औषध द्यावे, असे २०१७ची सूचना सांगते. प्रतिपिंड नसतील आणि आकडा १०च्या आत असेल, तर औषधाचा विचार करता येतो, पण त्याची सक्ती नाही. टी-४ कमी असेल किंवा टीएसएच १०च्या वर असेल, तर मात्र वाद उरत नाही आणि उपचार सुरू करतात.

सौम्य वाढीत औषधाने मुलांच्या बुद्धीला फायदा होतो का, याची मोठ्या प्रयोगांत परीक्षा झाली आहे. ब्रिटन व इटलीतील प्रयोग २०१२ साली आणि अमेरिकेतील प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. अनुक्रमे तिसऱ्या व पाचव्या वर्षी मोजलेल्या बुद्ध्यंकात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु पहिल्या प्रयोगात औषध तेराव्या आठवड्याच्या सुमारास आणि दुसऱ्यात त्याहूनही उशिरा सुरू झाले होते. सर्वांत नाजूक काळ तेव्हा सरत आला होता, हा आक्षेप योग्यच आहे. त्याने औषधाचा फायदा सिद्ध होत नाही, हेही तितकेच खरे.

औषध घेताना होणारी एक चूक

लेव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी घ्यायचे असते. लोह आणि कॅल्शियम यांच्यासोबत ते आतड्यात नीट शोषले जात नाही. गर्भवतींना सरकारी आरोग्य केंद्रातून नेमक्या याच दोन गोळ्या मिळतात, आणि 'सगळ्या गोळ्या सकाळीच' उरकण्याची घरोघरी सवय असते. मग मात्रा पुरेशी असूनही टीएसएच खाली येत नाही आणि मात्रा आणखी वाढवली जाते. या गोळ्यांमध्ये चार तासांचे अंतर ठेवावे लागते. लोह दुपारी किंवा रात्री घेणे सोयीचे पडते. दुसरी गफलत तपासणीतली. केस व नखांसाठी विकल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, तर काही पद्धतींत टीएसएच खोटेच कमी दिसते आणि वाढ लपून राहते.

औषध चालू असताना टीएसएच २.५च्या खाली ठेवतात. २.५ हा आकडा आता उरला आहे तो मुख्यतः इथे. गरोदरपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी आणि तिसाव्या आठवड्याच्या आसपास पुन्हा तपासणी करतात. आधीपासून हे औषध घेणाऱ्या स्त्रीची गोष्ट वेगळी आहे. गरोदरपण कळताच तिला मात्रा पाव हिस्सा किंवा किंचित अधिक वाढवावी लागते. त्यासाठी रोजच्या एका गोळीशिवाय आठवड्यात दोन जादा गोळ्या घेण्याचा सोपा हिशोब डॉक्टर सांगतात. प्रसूतीनंतर ती पूर्वीच्या मात्रेवर परतते. केवळ गरोदरपणातील सौम्य वाढीसाठी अल्प मात्रा सुरू झालेली असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ती प्रसूतीनंतर थांबवता येते आणि सुमारे सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहतात. ही शेवटची तपासणी पुष्कळदा राहून जाते आणि गरज नसलेली गोळी वर्षानुवर्षे चालू राहते.