केपलरचे पिंप: अंदाज किती चुकला, हे कसे कळते? (थ्रेड)

१/ सन १६१३. ऑस्ट्रियातील लिंझ येथे खगोलशास्त्रज्ञ योहानेस केपलर यांचा दुसरा विवाह ठरला होता. त्या वर्षी द्राक्षे उदंड पिकली होती. केपलर यांनी द्राक्षमद्याची काही पिंपे घरी आणवली. व्यापारी आला, पिंपाच्या फुगीर पोटावरील बुचाच्या भोकातून त्याने एक काठी तिरकी आत सारली, ती तळाच्या कडेला टेकली आणि काठीवरील खूण वाचून त्याने किंमत सांगितली.

२/ पिंप लांबट असो वा बुटके, काठी तीच! केपलर यांना हे खटकले. या प्रश्नावर त्यांनी लिहिलेला लॅटिन ग्रंथ १६१५ मध्ये लिंझमध्येच छापला गेला. पिंपाचे असंख्य पातळ काप कल्पून त्यांची बेरीज करणे, हा त्यातील विचाराचा गाभा. आजच्या भाषेत हेच निश्चित संकलन होय.

३/ परंतु असंख्य काप प्रत्यक्षात कोण मोजणार? हाती तीनच मापे आहेत असे समजू: दोन टोके आणि मध्य. हिशेबासाठी एक पिंप कल्पू. लांबी ८ डेसिमीटर, टोकांची त्रिज्या ३, मध्याची ४, आणि बाजूची वक्रता अन्वस्ताकार. म्हणजे टोकाच्या छेदाचे क्षेत्रफळ २८.२७ आणि मध्याचे ५०.२७ चौरस डेसिमीटर. एक घन डेसिमीटर म्हणजे एक लिटर.

४/ पहिली रीत समलंब नियमाची. पिंपाचे दोन समान भाग करावेत. प्रत्येक भागात दोन्ही कडांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेऊन तिला ४ ने गुणावे. उत्तर येते ३१४.२ लिटर. येथे छेदांच्या क्षेत्रफळाचा आलेख सरळ रेषांनी जोडला जातो. पिंपाचे पोट मात्र फुगलेले असल्याने खरा आलेख त्या रेषांच्या वर राहतो. म्हणून हे उत्तर कमी भरणारच.

५/ दुसरी रीत त्याच तीन बिंदूंतून अन्वस्त काढते. दोन्ही टोके एकेकदा आणि मध्य चार वेळा धरून बेरीज करावी, तिला लांबीने गुणून ६ ने भागावे. उत्तर ३४३.५ लिटर. जर्मन भाषेत हा नियम केपलरच्या पिंपाच्या नावाने ओळखला जातो. इंग्रजीत मात्र नाव टिकले थॉमस सिम्पसन यांचे. मूळचे विणकर असलेल्या सिम्पसन यांनी तो १७४३ मध्ये प्रसिद्ध केला. इटलीतील काव्हालिएरी यांना तो शतकभर आधीच ठाऊक होता.

६/ एकाच पिंपाची दोन उत्तरे, आणि फरक २९ लिटरांचा! विश्वास कोणावर ठेवावा? खरे उत्तर माहीत नसतानाही चूक जास्तीत जास्त किती असेल, हे सांगणारी मर्यादा येथे कामी येते.

७/ समलंब नियमाची चूक आलेख किती वाकतो यावर, म्हणजे दुसऱ्या विकलजावर अवलंबून असते. या पिंपात त्याचे कमाल मूल्य ३.१४ आहे. लांबीच्या घनाने त्याला गुणून, भागांच्या संख्येचा वर्ग आणि १२ यांच्या गुणाकाराने भागले की मर्यादा मिळते: ३३.५ लिटर. प्रत्यक्ष संकलन केल्यास पिंपाचे आकारमान ३४०.१ लिटर येते. खरी चूक २६ लिटर, मर्यादेच्या आतच.

८/ अन्वस्त नियमाची मर्यादा चौथ्या विकलजावर ठरते. येथे तो सर्वत्र ०.२९४५ इतकाच आहे. लांबीचा पाचवा घात घेऊन त्याला याने गुणावे. मग भागांच्या संख्येचा चौथा घात आणि १८० यांच्या गुणाकाराने भागावे. उत्तर ३.३५ लिटर. चौथा विकलज स्थिर असल्याने येथे मर्यादा हीच नेमकी चूक ठरते.

९/ आता चार भाग करू. समलंब नियमाची चूक सुमारे चौथ्या हिश्शावर, ६.३ लिटरवर येते. अन्वस्त नियमाची सोळाव्या हिश्शावर, जेमतेम ०.२ लिटरवर! मापे दुपटीपेक्षा कमीच वाढली, पण लाभ सोळापट झाला.

१०/ यातच एक सावधगिरीची खूणही दडली आहे. मर्यादेचे हे सूत्र आलेख गुळगुळीत असेल तरच लागू पडते. पिंपाला मध्येच पायरी किंवा खाच असेल, तर तेथे चौथा विकलजच उरत नाही. अशा वेळी भाग दुप्पट, मग चौपट करून पाहावे. लागोपाठच्या उत्तरांतील फरक दर वेळी सुमारे सोळाव्या हिश्शावर येत नसेल, तर आकारात कोठेतरी मोड आहे असे समजावे. मग पिंप त्या मोडापाशीच विभागून दोन्ही तुकडे वेगवेगळे मोजावेत.

११/ व्यापाऱ्याच्या काठीचे काय झाले? त्या काळच्या ऑस्ट्रियन पिंपांची लांबी-रुंदीची प्रमाणे अशी होती की, त्यांत थोडा फरक पडला तरी आकारमान फारसे बदलत नसे. हे केपलर यांनीच दाखवून दिले. म्हणजे काठी तेथे बऱ्यापैकी खरी बोलत होती. इतर आकारांच्या पिंपांत मात्र तीच काठी फसवी ठरली असती, आणि ती किती फसवते हे तिच्यावरील कोणतीही खूण सांगू शकली नसती.