तळटीप : कुकी आणि कॅशे

* ‘ब्राउझर साफ केला’ या लेखकाच्या वाक्यात दोन वेगळी कामे दडली आहेत. कॅशे म्हणजे एकदा उतरवून घेतलेल्या चित्रांच्या व फायलींच्या प्रती. फाइलसोबत `Cache-Control: max-age=86400` अशी सूचना आली, की ब्राउझर ८६,४०० सेकंद, म्हणजे पुरता एक दिवस, जवळची प्रतच वापरतो. सर्व्हरला विचारायलाही जात नाही. दुरुस्त केलेले पान लेखकाला जुन्याच रूपात दिसत होते ते यामुळे. तेवढ्यासाठी कॅशे पुसणे पुरेसे होते. नुसते Ctrl+F5 दाबूनही बहुधा भागले असते. त्यांनी कुकीही पुसल्या, आणि सगळीकडून लॉगआउट झाले.

कुकी ही छोटीशी नोंद १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी आणली. लॉगिन केल्यावर सर्व्हर तिच्यात एक ओळखक्रमांक देतो आणि ब्राउझर तो दर वेळी परत दाखवतो, दुकानाच्या दारात पिशवी ठेवून मिळालेल्या टोकनासारखा. टोकन हरवले तरी पिशवी आत असते. खाते शाबूत राहते, पुन्हा लॉगिन करावे लागते इतकेच. लॉगिन न करता भरलेली खरेदीची टोपली मात्र बहुतेकदा जाते, कारण ती कोणाची हे ओळखायला त्या क्रमांकाखेरीज सर्व्हरकडे दुसरे काही नसते. (संपा.)