पुनर्स्थापनेपूर्वी डिस्क पुसण्याविषयी

बाधित संगणकाची पुनर्स्थापना म्हणजे केवळ `C:` विभाग फॉरमॅट करून विंडोज पुन्हा बसवणे नव्हे. कारण टीडीएल-४ सारखा बूटकिट, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा घातक प्रोग्राम, डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये व शेवटच्या मोकळ्या जागेत दडतो आणि त्या विभागाचे फॉरमॅटिंग तेथवर पोहोचतच नाही. म्हणून निर्दोष संगणकावर तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून, योग्य डिस्क निवडल्याची खात्री झाल्यावर, `diskpart` मधील `clean all` या आज्ञेने प्रत्येक सेक्टर शून्याने भरावा. बॅकअपचा धोका अधिक फसवा आहे: सॅलिटी हा विषाणू `.exe` फाइलींना जोडला जातो आणि लक्षणे दिसण्यापूर्वीच बॅकअपमध्ये शिरलेला असू शकतो, तेव्हा त्यातून दस्तऐवज व छायाचित्रेच, तीही तपासून, परत घ्यावीत आणि प्रोग्राम मूळ निर्मात्याकडूनच नव्याने मिळवावेत.