शब्दांची संगत आणि अर्थाचा परिवेष : इंग्रजीतील ‘कॉज’ या क्रियापदाच्या अभ्यासाचा इतिहास

शब्दाचा अर्थ कोशात सापडतो, ही समजूत जितकी जुनी तितकीच अपुरी आहे. इंग्रजीतील ‘कॉज’ या क्रियापदाचा अर्थ कोणत्याही जुन्या कोशात पाहिला, तर ‘घडवून आणणे, कारण होणे’ इतकाच आढळतो. त्यात बऱ्यावाइटाचा उल्लेख नसतो. परंतु प्रत्यक्ष वापरात या क्रियापदाच्या पुढे अपघात, नुकसान, रोग, मृत्यू, त्रास, चिंता अशीच मंडळी उभी असतात. आनंद, यश वा समृद्धी क्वचितच येतात. ‘राइफ’ या विशेषणाचा शब्दशः अर्थ ‘मुबलक, सर्वत्र पसरलेला’ असा असला, तरी इंग्रजीत राइफ असतात त्या अफवा, लाचलुचपत आणि रोगराई. सद्गुण राइफ झाल्याचे कोणी लिहीत नाही. मराठी वाचकाला हे नवखे वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे गोंधळ माजतो, अनाचार बोकाळतो, संकट ओढवते. सुबत्ता बोकाळली असे कोणी म्हटले, तर ऐकणारा हसेल किंवा बोलणाऱ्याच्या मनात काय आहे असा संशय घेईल. या घटनेला इंग्रजी भाषाशास्त्रात जे नाव मिळाले त्यासाठी प्रस्तुत लेखात ‘अर्थपरिवेष’ ही संज्ञा योजली आहे. चंद्राभोवती पडणाऱ्या खळ्याला परिवेष म्हणतात. खळे चंद्राचा भाग नसते, पण चंद्र पाहताना तेही दिसते.

या कल्पनेचे मूळ जॉन रूपर्ट फर्थ यांच्या विचारात आहे. फर्थ हे १९१९ नंतर काही वर्षे लाहोर येथील पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि पुढे १९४४ मध्ये लंडन विद्यापीठात सामान्य भाषाशास्त्राच्या अध्यासनावर आले. त्यांच्या दोन कल्पना येथे एकत्र येतात. पहिली शब्दसहचाराची : शब्दाच्या अर्थाचा एक अंश तो कोणाच्या संगतीत नित्य वावरतो यावरून ठरतो. ही भूमिका त्यांनी १९५१ मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये मांडली. दुसरी कल्पना ध्वनिविचारातील आहे. काही ध्वनिगुण एकाच वर्णापुरते राहत नाहीत. ते शेजारच्या वर्णांवर पसरतात. ‘आमेन’ या शब्दात मकार आणि नकार यांच्या मधला स्वर अनुनासिक होतो, तो त्या शेजारामुळे. अशा पसरणाऱ्या गुणांना फर्थ यांनी जे नाव दिले, तेच पुढे अर्थाच्या क्षेत्रात उचलले गेले. शेजारच्या शब्दांची छटा एखाद्या तटस्थ शब्दावर पसरते, असे त्या नामकरणामागचे रूपक होते. हे रूपक कितपत योग्य, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

फर्थ यांच्यापाशी दृष्टी होती, साधन नव्हते. शब्दाची संगत तपासावयाची तर त्याचे शेकडो प्रयोग एकाखाली एक मांडून पाहावे लागतात, आणि हे काम हाताने करणे जवळजवळ अशक्य आहे. जॉन सिंक्लेअर यांनी १९६० नंतरच्या दशकात, प्रथम एडिंबरो आणि नंतर बर्मिंगहॅम येथे, संगणकाच्या साहाय्याने शब्दसहचाराची मोजणी सुरू केली. तिच्यासाठी मिळालेला बोलीभाषेचा संचय अवघा १ लक्ष ३५ हजार शब्दांचा होता. एवढ्याशा संचयात ‘द’, ‘ऑफ’ यांसारखे शब्द भरपूर सापडतात. पण ज्या क्रियापदाचा परिवेष शोधावयाचा, त्याची बोटांवर मोजण्याइतकीच उदाहरणे हाती लागतात. सिद्धान्त बरोबर आहे की चूक, हे ठरविण्याचीही त्यातून सोय नव्हती. १९८० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि कॉलिन्स ही प्रकाशनसंस्था यांनी मिळून कोशाचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा संचयाचा मुख्य भाग सुमारे ७३ लक्ष शब्दांपर्यंत वाढला, आणि मग चित्र पालटले.

त्या कोशाच्या कामात सिंक्लेअर यांच्या लक्षात आलेली गोष्ट ‘सेट इन’ या साध्या जोडक्रियापदाविषयी होती. त्याचा अर्थ ‘सुरू होणे, मूळ धरणे’ असा. त्याच्या सर्व ओळी एकत्र पाहता असे दिसले की, जे सेट इन होते ते बहुधा अप्रिय असते : कुजणे, ऱ्हास, नैराश्य, जंतुसंसर्ग, अराजक. कोशकारांपैकी कोणालाही हे आधी सुचले नव्हते, आणि ज्यांची मातृभाषाच इंग्रजी होती त्यांनाही ते विचारून सांगता आले नसते. हे निरीक्षण १९८७ मध्ये, म्हणजे कोश प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, छापून आले. झिंबाब्वे विद्यापीठातील बिल लू यांनी १९९३ मध्ये सिंक्लेअर यांच्या गौरवग्रंथात त्याला सिद्धान्ताचे रूप दिले. त्यांचा मुद्दा मार्मिक होता. शब्दाची नेहमीची संगत मोडली की दोनच शक्यता उरतात : लेखक उपरोध करतो आहे, किंवा त्याचे खरे मत त्याच्या नकळत बाहेर पडते आहे. डेव्हिड लॉज यांच्या १९८४ च्या ‘स्मॉल वर्ल्ड’ या कादंबरीत परिषदांना जाणारे प्राध्यापक आत्मोन्नतीवर ‘बेंट’ असल्याचे वर्णन आहे. ‘बेंट ऑन’ नंतर सामान्यतः विध्वंस, सूड असले हेतू येतात. म्हणून त्या वाक्यात वाचकाला खुसखुशीत उपहास जाणवतो, जरी त्यात उपहासाचा एकही शब्द नसला तरी.

‘कॉज’ची सविस्तर तपासणी मायकेल स्टब्ज यांनी १९९५ मध्ये केली, आणि या विषयातील ती नमुनेदार मानली जाते. त्यांच्यापुढे १२ कोटी शब्दांचा संचय होता आणि त्यात ‘कॉज’च्या सर्व रूपांचे मिळून सुमारे ३८ हजार प्रयोग होते. रीत अशी. प्रत्येक प्रयोग ओळीच्या मध्यभागी ठेवावयाचा, त्याच्या डावी-उजवीकडचे मोजके शब्द घ्यावयाचे, आणि त्या खिडकीत कोणता शब्द किती वेळा येतो ते मोजावयाचे. ‘प्रॉब्लेम’ सुमारे १,८०० वेळा आला, ‘डॅमेज’ सुमारे १,५०० वेळा, ‘डेथ’ सुमारे १,१०० वेळा. त्यामागे रोग, कर्करोग, चिंता, वेदना. येथे एका गोष्टीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. या तीन अग्रगण्य सोबत्यांची बेरीज केली तरी ती एकूण प्रयोगांच्या सुमारे १२ टक्केच भरते. म्हणजे ‘कॉज’ला कोणी एक जीवलग मित्र नाही. तो ज्या समूहात वावरतो त्या समूहाला एक स्वभाव आहे, आणि तो स्वभाव शेकडो निरनिराळ्या नामांत विखुरलेला असल्याने एकेक वाक्य वाचणाऱ्याला दिसत नाही. ‘प्रोव्हाइड’ या क्रियापदाशी स्टब्ज यांनी केलेली तुलनाही बोलकी आहे : त्याच्यापुढे मदत, अन्न, आधार, सोय असे शब्द येतात. घडवून आणण्याच्या कामाची जणू दोघांनी वाटणी करून घेतली आहे.

या मोजणीत चुकण्याच्या जागा पुष्कळ आहेत. ‘कॉज’ हे नामही आहे, आणि ‘एखाद्या ध्येयासाठी झटणे’ या अर्थाचे ते नाम चांगल्या संगतीत असते. ते वेगळे न काढल्यास निष्कर्ष धुरकट होतो. पुढचा शब्द ‘कन्सिडरेबल’ असेल, तर तो स्वतः निरुपद्रवी असतो. खरे कर्म त्याच्यामागे दडलेले असते. ‘काही नुकसान झाले नाही’ अशा वाक्यातील नुकसान यंत्र मोजते, नकार मोजत नाही. आणि अखेर, अमुक शब्द बरा की वाईट हे ठरविणारा माणूसच असतो. म्हणून ओळी प्रत्यक्ष वाचल्यावाचून नुसत्या यादीवरून मत देणे धोक्याचे आहे.

सर्वांत तीक्ष्ण आक्षेप २००५ मध्ये सॅम व्हिटसिट यांनी घेतला. वाईट संगतीने शब्द वाईट होतो असे म्हणावयाचे, तर दुःख हलके करणे, जखम भरून आणणे या अर्थांची इंग्रजी क्रियापदे वेदना आणि व्याधी यांच्याच संगतीत असतात. ती वाईट का वाटत नाहीत? मराठीतले ‘निवारण’ घ्या. त्याच्यापाशी सदैव संकटे आणि तक्रारी असतात, तरी हा शब्द दिलासाच देतो. तेव्हा छटा शेजारून आपोआप पसरते, हे ध्वनिशास्त्रावरून घेतलेले रूपक येथे पुरे पडत नाही, हा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. मोजणी मात्र त्याने खोटी ठरत नाही. खोटे ठरते ते मोजणीचे स्पष्टीकरण. सुझन हन्स्टन यांनी २००७ मध्ये आणखी एक मर्यादा दाखविली. वैज्ञानिक लेखनात एक निर्जीव वस्तू दुसरीत बदल घडविते, उष्णतेने धातू प्रसरण पावतो, असे सांगताना ‘कॉज’ येतो तेव्हा त्यात नापसंतीचा मागमूस नसतो. माणसाचे हितसंबंध गुंतले की परिवेष दिसू लागतो. ‘शीअर’चे उदाहरण तर याहून सैल आहे : त्याच्यापाशी मूर्खपणा आणि हताशपणा असतात तसा निखळ आनंदही असतो, त्याची खरी ओढ वाइटाकडे नसून मोठेपणाकडे, म्हणजे संख्या, वजन, जोर यांच्याकडे असते. नकारात्मक शब्दांच्या याद्यांत त्याला ‘राइफ’च्या शेजारी बसविणे आम्हांस घाईचे वाटते.

राहता राहिला तो काळाचा प्रश्न. ‘राइफ’चा जुन्या इंग्रजीतील पूर्वज केवळ विपुलतेचा वाचक होता, आणि त्याचा नॉर्स भाषेतील सगोत्र तर ‘उदार, चांगला’ असाही अर्थ देई. ‘कॉज’चा वापरही एके काळी मोकळा होता. १६११ च्या इंग्रजी बायबलात ईश्वर आदमाला गाढ निद्रा आणवितो आणि भक्तांवर आपले मुख प्रकाशमान करवितो, ते याच क्रियापदाने. तेथे अनिष्टाची शंकाही येत नाही. मात्र ती ‘एखाद्याकडून काही करविणे’ या रचनेतील उदाहरणे आहेत. आजचा परिवेष दाट आहे तो क्रियापदानंतर थेट नाम येते त्या रचनेत, आणि क्रियारूप पुढे येते त्या रचनेत तो अजूनही विरळ आहे. लॅटिनमधील ‘काउसा’ हा खटल्याचाही वाचक होता व ‘आरोप करणे’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यातूनच निघाला, याचा आधार घेऊन ‘दोष मुळातच होता’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण १६११ ची उदाहरणे त्याच्या आड येतात. परिवेष ही शब्दाची जन्मखूण नसून वापराने हळूहळू पडलेला ठसा आहे, असे मानणेच पुराव्याला धरून होईल. पुढे त्याच बर्मिंगहॅम परंपरेतील कोशाने ‘कॉज’च्या व्याख्येत ‘बहुधा वाईट’ हे शब्द घातले. मराठीत ‘कारणीभूत होणे’ या प्रयोगाची संगत अशीच दिसते. ती मोजून पाहावयाची तर प्रथम नाम आणि क्रियारूप अशा दोन रचना वेगळ्या काढाव्या लागतील, आणि बातम्यांची भाषा पाठ्यपुस्तकांच्या भाषेपासून निराळी ठेवावी लागेल.