निवेदन-जुळणी (स्क्रीन रेकॉर्डिंगच्या पाठात)

संगणकावरची किंवा मोबाइलवरची एखादी कृती स्क्रीन रेकॉर्डिंगने दाखवताना बोललेले वाक्य आणि पडद्यावरचे क्लिक एकाच वेळी पडावे, यासाठी आधी लिहून काढायच्या स्क्रिप्टचे तंत्र. जुळणी संपादनाच्या वेळी करता येते असा समज आहे. ती तिथे फक्त सुधारता येते. जुळणार की नाही हे बहुतांशी वाक्याच्या रचनेवर, म्हणजे कागदावरच ठरते.

मराठीत या तंत्राचा सर्वांत शिस्तबद्ध वापर मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात दिसतो. प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानाधारित शिक्षण अभियानाच्या अर्थसाहाय्याने तो उभा राहिला. लिबरऑफिससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवरचे सुमारे दहा मिनिटांचे पाठ आधी इंग्रजीत तयार होतात. मग चित्र तेच ठेवून मराठीसह अनेक भारतीय भाषांत फक्त आवाज बदलला जातो. मूळ स्क्रिप्टला दोन रकाने असतात, एकात पडद्यावर काय दिसेल आणि दुसऱ्यात काय बोलायचे. डबिंगसाठी वेळेची स्क्रिप्ट वेगळी असते : प्रत्येक वाक्यासमोर ते चित्रफितीच्या कितव्या मिनिट-सेकंदाला सुरू व्हायचे ते लिहिलेले. शिकणाऱ्याने एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडून, थांबत थांबत सोबत करायचे, अशी अपेक्षा असते. त्यामुळे क्लिक अर्धा सेकंद चुकले तरी त्याचा हात चुकीच्या जागी जातो.

खरी अडचण मराठी वाक्याच्या ठेवणीत आहे. इंग्रजीत क्रियापद आधी, मग बटणाचे नाव आणि हेतू बहुधा शेवटी. मराठीत हेतू आधी, मग नाव आणि क्रियापद सर्वांत शेवटी. ‘केलेले बदल जपून ठेवण्यासाठी वरच्या पट्टीतल्या सेव्ह बटणावर क्लिक करा’ हे वाक्य शुद्ध आहे, पण डबिंगला घातक. मूळ चित्रात बाण दुसऱ्या सेकंदाला बटण दाबून मोकळा होतो, तेव्हा मराठी निवेदक ‘जपून ठेवण्यासाठी’पर्यंत पोचलेला असतो. बटणाचे नाव ऐकू येते त्या वेळी पडद्यावर पुढचीच खिडकी उघडलेली असते. उपाय बोलण्याचा वेग वाढवणे हा नाही. वाक्य तोडायचे : ‘सेव्ह बटणावर क्लिक करा. केलेले बदल जतन होतील.’ पहिले वाक्य क्लिकच्या आत संपते, दुसरे परिणाम दिसत असताना येते.

स्वतंत्र मराठी पाठ करायचा असेल तर हीच ठेवण फायद्याची ठरते. नाव आधी उच्चारले गेले की पाहणाऱ्याची नजर बटण शोधू लागते. बाणाने तेवढ्या वेळात तिथे पोचून थांबावे आणि ‘करा’ किंवा ‘निवडा’ या शब्दावर क्लिक पडावे. बोलताना बाण हलवत राहणे, मुद्द्याभोवती गोल फिरवणे ही सवय मात्र मोडावी लागते. फिरणारा बाण क्लिक कुठे झाले तेच झाकतो.

भूलेख महाभूमीवर हातकणंगले तालुक्यातल्या एखाद्या गावाचा विनास्वाक्षरीत सातबारा पाहणे, हे सरावासाठी चांगले उदाहरण आहे. जिल्हा, तालुका, गाव या याद्या एकमेकींवर अवलंबून आहेत. जिल्हा निवडल्याशिवाय तालुक्यांची यादी भरत नाही आणि ती भरायला लागणारा वेळ दर वेळी वेगळा असतो. ही कृती थेट बोलत बोलत रेकॉर्ड केली तर निवेदक यादीची वाट पाहत ‘आता इथे… हं… आली’ असे भरीचे बोलू लागतो. म्हणून कृती आधी मुकी रेकॉर्ड करावी आणि आवाज नंतर द्यावा. कुंभोज गावासाठी स्क्रिप्टचा तुकडा असा होईल :

```
00:20 | बाण जिल्ह्याच्या यादीवर थांबतो | जिल्ह्याच्या यादीत
00:22 | यादी उघडते, क्लिक             | कोल्हापूर निवडा.
00:25 | तालुक्यांची यादी भरते         | (शांतता)
00:27 | बाण तालुक्याच्या यादीवर       | तालुक्याच्या यादीत
00:29 | यादी उघडते, खाली सरकते       | (शांतता)
00:32 | क्लिक                         | हातकणंगले निवडा.
00:35 | गावांची यादी भरते             | आता या तालुक्यातली गावे दिसतील.
```

इथे एका वाक्याचे दोन ओळींत केलेले तुकडे महत्त्वाचे. यादी उघडणे आणि नाव निवडणे ही दोन क्लिके आहेत, पण बोलताना त्यांचे एकच वाक्य होते. मधली शांतताही लिहावी लागते, नाहीतर आवाज देणारा ती गिळतो. जिल्ह्यात 12 तालुके आहेत. वर्णानुक्रमाने पाहिले तर हातकणंगले अगदी शेवटी, म्हणून खाली सरकण्याला वेळ दिला आहे. गावांची यादी त्याहून लांब असते. तिथे कुंभोज सापडेपर्यंतचा भाग कापून टाकलेला बरा, कारण सरकणारी यादी पाहण्यात कोणाला रस नसतो.

पुढे मोबाइल क्रमांक आणि कॅप्चा येतो. कॅप्चाचे चित्र दर वेळी बदलते, म्हणून मध्येच थांबून पुन्हा घेतलेला टेक आधीच्या चित्राशी जुळत नाही. हा भाग एका दमात घ्यावा लागतो. स्वतःचा क्रमांक आणि उघडलेल्या उताऱ्यावरची खातेदारांची नावे धूसर करावीत. उतारा ऑनलाइन दिसतो म्हणून आपल्या पाठात त्या शेतकऱ्याचे नाव वाचायला लावण्याचे काही कारण नाही.

वाक्याला किती वेळ लागेल हे शब्द मोजून ठरवू नये. ‘गट क्रमांक’ आणि ‘अधिकार अभिलेख’ यांत शब्द दोन-दोनच, पण वेळ वेगळा. मोठ्याने वाचून घड्याळ लावावे. जागा चार सेकंदांची आणि वाक्य सहा सेकंदांचे निघाले तर आधी विशेषणे आणि ‘आता आपण’सारखी सुरुवात काढावी. तरीही बसले नाही तर क्लिकच्या आधीची चौकट दोन सेकंद गोठवावी. क्लिकनंतरची गोठवली तर यंत्र अडकल्यासारखे वाटते.

एवढे करूनही आवाज आणि क्लिक फटकून राहिले तर फरक कुठे, किती आहे ते पाहावे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर आवाजाची पूर्ण पट्टी सरकवून भागते. सुरुवातीला जुळलेले शेवटी शेवटी मागे-पुढे होत असेल तर दोष स्क्रिप्टचा नसून रेकॉर्डिंगचा असण्याचा संभव जास्त. मोबाइलचे रेकॉर्डर अनेकदा सेकंदाला चौकटींची संख्या कमी-जास्त करतात, आणि काही संपादन-सॉफ्टवेअर ती समान धरून चालतात. संपादनाआधी फीत समान गतीची करून घ्यावी :

```
ffmpeg -i mul.mp4 -fps_mode cfr -r 30 -c:a copy saman.mp4
```

फरक एखाद्याच ठिकाणी असेल तर मात्र तिथले वाक्य पुन्हा लिहावे.

संकेतस्थळांची मांडणी वारंवार बदलते आणि पूर्ण पाठ पुन्हा करणे कोणालाच परवडत नाही. म्हणून आवाज सलग न घेता स्क्रिप्टच्या प्रत्येक वाक्याची वेगळी फाइल ठेवतात आणि नावात ओळीचा क्रमांक घालतात. संकेतस्थळावरचा एक रकाना बदलला की तेवढ्या ओळींचे चित्र व आवाज नवे घेऊन त्यांच्यापुढच्या वेळा सरकवायच्या. आवाज मात्र त्याच माणसाचा, त्याच माइकवर आणि तेवढ्याच अंतरावरून घेतलेला असावा, नाहीतर जोड लगेच कळतो.