आचारी, आचार्य आणि पेजमेकर

मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली ती पेजमेकरसारख्या कार्यक्रमांतून. २००१ साली निघालेली त्याची ७.० ही आवृत्ती अखेरची ठरली, आणि तीतही युनिकोडमधील देवनागरीची सोय नव्हती. तरीही अनेक मुद्रणालयांनी तोच कार्यक्रम पुढे वापरला. त्यामुळे युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर छपाईपूर्वी जुन्या फाँटच्या संकेतांत बदलून घेणे भाग पडू लागले.

हा बदल केवळ लिपीचा वेष बदलण्याचा नाही. युनिकोड उच्चाराचा क्रम नोंदवते, तर जुना फाँट डोळ्यांना दिसणारा क्रम. जुन्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. जागा जेमतेम २५६, त्यांतल्याही सर्व वापरता येत नसत. म्हणून अर्ध्या अक्षराला दंड जोडून पूर्ण अक्षर साधले जाई. 'वार्षिक' हा शब्द युनिकोडमध्ये व, काना, र, हलन्त, ष, वेलांटी, क असा साठवला जातो. जुन्या फाँटमध्ये तोच व, काना, वेलांटी, अर्धा ष, दंड, रफार, क असा मांडावा लागतो. वेलांटी ष च्या आधी सरकते आणि र त्याच्या मागे जाऊन रफार होतो.

वेलांटी सरकवताना ती संपूर्ण जोडाक्षर ओलांडून न्यावी लागते. परिवर्तकाने एकच अक्षर ओलांडले, तर 'स्थिती'मधली वेलांटी स् आणि थ यांच्यामध्ये अडकते. ही चूक मुद्रितशोधकाला लगेच दिसते, म्हणून ती फारशी घातक नव्हे.

घातक चूक वेगळी आहे. 'ऱ्य'मधला आडवा अर्धा र हे मराठीचे वैशिष्ट्य. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ (U+0931) आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडखुणेचा संकेत (U+200D). परिवर्तकाच्या कोष्टकात पहिला प्रकार नसेल, तर छपाईत चौकोन किंवा रिकामी जागा उमटते आणि दोष उघड होतो. दुसऱ्या प्रकारात मात्र निरुपयोगी समजून तो अदृश्य संकेत गाळला गेला, की उरलेल्या र् चा निमूटपणे रफार होतो. मग 'आचाऱ्यांना मानधन दिले' हे वाक्य 'आचार्यांना मानधन दिले' असे छापले जाते. 'दऱ्या' ओलांडणारा प्रवासी 'दर्या' ओलांडू लागतो. शब्द शुद्ध, वाक्य निर्दोष, अर्थ मात्र लेखकाचा नाही.

एकदा रफार झाल्यावर जुन्या संकेतांत मूळ भेदाचा मागमूस राहत नाही, त्यामुळे उलट परिवर्तन करूनही तो परत मिळत नाही. म्हणून परिवर्तनापूर्वीच मूळ मजकुरातील ऱ्य आणि ऱ्ह असलेल्या शब्दांची यादी काढावी आणि मुद्रिताशी एकेक ताडून पाहावी. अशा वेळी केवळ मुद्रित वाचणे पुरेसे होत नाही. हस्तलिखित शेजारी ठेवावेच लागते.