चित्रहारातलं ते गाणं कोणतं?

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने जुन्या गाण्यांची एक संध्याकाळ करायची, असं ठरलं आणि सांस्कृतिक समितीने घरोघरी फर्माइशी मागवल्या. आल्या त्यातल्या निम्म्या फर्माइशींवर गाण्याचं नावच नव्हतं. कुणी लिहिलं होतं, "हिरोईन पावसात नाचते आणि मागे अर्धी बांधलेली इमारत आहे." कुणी लिहिलं, "माणूस दिसत नाही, नुसती टोपी आणि बूट नाचतात." असं का झालं असावं, हे समजायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल.

गाण्यांच्या साप्ताहिक शर्यतीची सवय आपल्याला लावली ती रेडिओने. 1952 साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठ वाजले की अमीन सयानींचा आवाज घराघरात घुमू लागला. तिथे गाणं कानात राहायचं. शब्द पाठ व्हायचे, कोणतं गाणं कितव्या पायदानावर आहे हेही पाठ असायचं.

दूरदर्शनने हे उलटं केलं. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि तिथलं 'छायागीत' लोकप्रिय झालं. 15 ऑगस्ट 1982 पासून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण आलं, आणि पुढे गावोगावी ओळखीचा झाला तो 'चित्रहार'. अर्ध्या तासात पाच-सहा गाणी. पण चित्रहार म्हणजे शर्यत नव्हे. त्यात क्रमांक नसायचे. एक गाणं नव्या चित्रपटातलं, तर पुढचं वीस वर्षांपूर्वीचं. आज दाखवलेलं गाणं पुन्हा कधी दिसेल, याचा भरवसा नाही. चित्रपटाचं नाव सुरुवातीला क्षणभर झळकायचं. तेवढ्यात वीज गेली, किंवा पडद्यावर मुंग्या आल्या, की नाव हुकलं ते हुकलंच.

भंडाऱ्यात मुंग्या येणं हे नेहमीचंच. नागपूर साठेक किलोमीटरवर. उंच पाइपावर अँटिना चढवायचा, तोंड पश्चिमेला करायचं आणि एकाने वर उभं राहून तो फिरवायचा. खालून घरातले ओरडणार, "दिसून राहिलं, दिसून राहिलं... गेलं!" म्हणून आपल्या पिढीला गाणी शब्दांनी कमी आणि चित्रांनी जास्त आठवतात. आवाज खरखरीत गेला, नाच मात्र डोळ्यांत राहिला.

खरी क्रमवारी टीव्हीवर आली ती नव्वदच्या दशकात. दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर बाबा सहगल 'सुपरहिट मुकाबला' सादर करायचे, आणि केबलवाल्याच्या डिशमुळे तो छोट्या शहरांतही पोचला. गाणं ओळखताना हा फरक फार कामाचा ठरतो. क्रमवारीत गाणी चालू काळातलीच असणार, आणि गाजलेलं गाणं आठवड्यामागून आठवडे पुन्हा दिसणार. त्यामुळे "मुकाबल्यात पाहिलं" असं कुणी म्हटलं, की साल जवळजवळ हातात येतं, आणि दहादा पाहिलेलं असल्याने वर्णनही पक्कं असतं. टोपी-बुटांचं गाणं म्हणूनच चुटकीसरशी सापडलं. 1994 च्या 'कादलन' या तमिळ चित्रपटातला प्रभुदेवाचा तो नाच, संगीत ए. आर. रहमानचं. हिंदीत चित्रपट 'हमसे है मुकाबला' या नावाने आला. ओठ आणि शब्द जुळत नव्हते, असं फर्माइशीत लिहिलं होतं, ते डबिंगमुळे. पावसातलं गाणंही त्याच सुमाराचं निघालं: 1994 चा 'मोहरा', पिवळ्या साडीतली रवीना टंडन.

"चित्रहारात पाहिलं" याचा अर्थ मात्र एवढाच, की गाणं त्या दिवसाच्या आधीचं आहे. किती आधीचं, ते कळत नाही.

बी विंगमधल्या एका काकूंची फर्माइश अशीच अडली होती. त्यांनी सांगितलं, "ब्लॅक अँड व्हाइट गाणं. हॉटेलचा मोठा हॉल, बँड वाजून राहिला, सगळ्यांच्या डोळ्यांवर मुखवटे. पांढऱ्या झगमगत्या कपड्यांत हेलन मान अशी झटकते, की पाहणाऱ्याची मान दुखावी. गाते माणूसच, पण तो हिरो नव्हे." त्यांच्या यजमानांनी त्या दिवशी गच्चीवर पूर्ण वेळ अँटिना धरला होता. काकूंनी गाणं पाहिलं. त्यांनी फक्त खालचा आरडाओरडा ऐकला. "त्यांना दाखवायचं राहून गेलं," एवढंच काकू म्हणाल्या. यजमान आता नाहीत.

समितीने आधी हेलनची कृष्णधवल गाणी धुंडाळली. एकही जुळेना. मग वर्णनाचे दोन भाग केले: प्रत्यक्ष पाहिलेलं, आणि पाहणाऱ्याने स्वतः जोडलेलं. मुखवटे, मान झटकणं, हिरो नसलेला गायक, हे पाहिलेलं. 'ब्लॅक अँड व्हाइट' मात्र गाण्याचं नव्हे, तर घरातल्या टीव्हीचं वर्णन असू शकतं. काकूंना विचारलं, तर सेट खरोखरच कृष्णधवल होता. आणि 'हेलन' हे नाव त्या काळी हॉटेलात नाचणाऱ्या कुठल्याही नटीला आपोआप चिकटायचं.

ही दोन्ही बंधनं काढली आणि फक्त मुखवटे धरले, तेव्हा गाणं लगेच समोर आलं. 1965 चा 'गुमनाम', दिग्दर्शक आपले राजा नवाथे, संगीत शंकर-जयकिशनचं, आवाज महंमद रफींचा. गाणं 'जान पहचान हो'. चित्रपट रंगीत आहे. नाचणारी लक्ष्मी छाया, पडद्यावर गाणारा हर्मन बेंजामिन, आणि बँड टेड लायन्सचा. हेलन चित्रपटात आहे, पण तिचं गाणं वेगळं. म्हणून घोटाळा आणखी वाढतो. लक्ष्मी छायाचा पोशाख सोनेरी आहे. कृष्णधवल पडद्यावर सोनेरी रंग पांढराच भासणार. 2001 साली 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकी चित्रपटाची सुरुवातच या नाचाने झाली, तेव्हा परदेशातही लोक विचारू लागले की ही मुलगी कोण.

क्लिप लावण्याआधी काकूंना काहीच सांगितलं नाही. आपण नाव सुचवलं, की समोरचा "हो, हेच" म्हणून मोकळा होतो. त्याला पुरावा म्हणता येत नाही. पडद्यावर पहिली मान झटकली गेली आणि काकू म्हणाल्या, "रंगीत होतं होय!" मग पूर्ण गाणं होईपर्यंत त्या बोलल्या नाहीत.

ज्यांची गाणी अजून सापडायची आहेत, त्यांनी ऑफिसातल्या वहीत एवढं लिहून ठेवावं: कोणत्या कार्यक्रमात पाहिलं, तेव्हा घरात टीव्ही रंगीत होता की नाही, आवाज बाईचा की पुरुषाचा, आणि दुसऱ्या कुठल्याच गाण्यात नसेल अशी एखादी गोष्ट. डोंगर, बाग, पाऊस लिहून उपयोग नाही, ते शेकडो गाण्यांत आहेत. मुखवटा, नुसते बूट, मोठा टाइपरायटर असं काही आठवत असेल तर ते आधी लिहा. नटीचं नाव आठवत असलं, तर ते सगळ्यात शेवटी, आणि कंसात.